नवरा रिटायर झाला आणि स्वयंपाकघरात साहेब आले

प्रश्न: मॅडम, माझे मिस्टर जूनअखेर बँकेतून रिटायर झाले, ६० पूर्ण. आम्ही वर्तकनगरला वन बीएचकेत राहतो, मुलगी लग्न होऊन पुण्याला. पहिला महिना-दीड महिना मजेत गेला, आता सकाळपासून माझ्या मागे मागे. फोडणीत मोहरी आधी की हिंग, कुकरच्या शिट्ट्या किती, कोथिंबीर कितीला घेतली, फोन कोणाचा होता. भांडीवाल्या मावशींना भांडी घासायची कशी ते शिकवलं, त्या काम सोडते म्हणाल्या. दुपारचे दोन तास माझे असायचे तेही गेले. बोललं की "माझ्याच घरात मी बोलायचं नाही का" म्हणतात. ३४ वर्षं घर मी चालवलं आणि आता मी त्यांच्या हाताखाली ट्रेनी लागल्यासारखं वाटतंय. माणूस वाईट नाही हो. काय करू?

उत्तर:

ताई, हिंग-मोहरीचं नंतर बघू, आधी मला दुपारच्या जेवणाचं सांगा. ते नोकरीवर असताना तुम्ही सकाळी सहा-साडेसहाला डबा करायचात, ते आठच्या आत स्टेशनला निघायचे, आणि मग रात्रीच्या कुकरपर्यंत गॅसपाशी फारसं काम नसायचं. तुम्ही स्वतः दीड-दोनला सकाळचंच काहीतरी ताटात घेऊन टीव्हीपुढे जेवत असणार, मग जरा लवंडायचं. बरोबर ना? आता साडेबारा-एकला गरम पोळी लागते, भात ताजा लागतो, त्याच्याआधी अकराला चहा, नंतर चारला चहा, आणि आवराआवर होईपर्यंत अडीच वाजतात. म्हणजे त्यांची नोकरी संपली त्याच दिवशी तुमची एक शिफ्ट वाढली, आणि हे दोघांपैकी कोणीच मोठ्याने बोललेलं नाहीये. मी ठाण्यात कौटुंबिक समुपदेशनाचं काम २२ वर्षं करतेय, रिटायरमेंटनंतर येणाऱ्या बायका पहिल्यांदा नवऱ्याच्या बोलण्याची तक्रार सांगतात आणि खोदून विचारलं की दहातल्या आठजणींच्या बाबतीत खाली हे दुपारचं जेवण निघतं. बोलणं सहन होतं हो एरवी, पण थकलेल्या माणसाला नाही होत.

म्हणून पहिलं काम, त्यांच्याशी काहीही बोलायच्या आधी, तीन दिवस एका वहीत लिहा. चहा किती वेळा झाला, गॅसपाशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत होतात, हाक किती वेळा आली, आणि कोणत्या गोष्टीत ते काय बोलले. शेरे मारू नका, फक्त नोंद. ही वही त्यांना दाखवायची नाहीये, तुमच्यासाठी आहे. नाहीतर बोलायला बसलात की "तुम्ही सारखं सारखं" असं निघतं तोंडातून आणि बँकेतला माणूस लगेच विचारतो, सारखं म्हणजे किती? आकडा नसला की तुम्ही हरलात.

आता त्यांच्या बाजूचं थोडं, कारण ते कळल्याशिवाय उपाय चुकतो. तुमचे मिस्टर शाखेत गेले की कोणीतरी "सर एक मिनिट" म्हणत यायचं, कागदावर त्यांची सही झाल्याशिवाय तो पुढे सरकायचा नाही, दिवसातून वीस वेळा कोणीतरी त्यांचं मत विचारायचं. ३० जूनला निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, आणि १ तारखेपासून त्यांचं मत कोणालाच नकोय. मत देण्याची सवय मात्र घरी आली ना त्यांच्याबरोबर. घरात चालू असलेलं एकच डिपार्टमेंट आहे, ते म्हणजे तुमचं. तर ते तिथे इन्स्पेक्शनला येतात. रॉबर्ट अ‍ॅचली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये रिटायरमेंटचे टप्पे मांडले होते, त्यात आधी हनिमून म्हणजे फिरा, झोपा, राहिलेली कामं करा, मग भ्रमनिरास, आणि मग हळूहळू नवी घडी. सगळ्यांचं याच क्रमाने होतं असं काही तो म्हणत नाही, पण तुमचा तो मजेचा महिना-दीड महिना संपून आता काय चाललंय ते बघा, दुसऱ्या टप्प्यात आहात तुम्ही. आणि यात बायकोच्याच तब्येतीवर परिणाम होतो हे जपानमध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी फार आधी ओळखलं, नवरा रिटायर झाल्यावर बायकांना बीपी, पोटाच्या तक्रारी, अंगावर पुरळ असं सुरू व्हायचं, त्याला त्यांनी आजाराचं नावच दिलं. तिथल्या बायका अशा नवऱ्याला ओलं गळलेलं पान म्हणतात, झाडूला चिकटतं ते निघतच नाही. हसू येतं पण बीपी मात्र या महिन्यात एकदा तपासून घ्या, तुम्ही स्वतःचं.

आता "प्रत्येक गोष्टीत बोलतात" हे जे आहे ना, त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्यात. एक नुसतं विचारणं, फोन कोणाचा होता, खाली कोण ओरडतंय, काय करतेयस. हे रिकामेपण आहे, संशय नाही (संशयाचं मी शेवटी बोलते). याला चिडून उत्तर दिलंत की ते वाढतं, त्यापेक्षा "नंदाचा होता, तिच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडलीये" असं एक वाक्य जास्तीचं द्या, पुढचे चार प्रश्न वाचतात. दुसरं तपासणं, कोथिंबीर कितीला, लाईट चालू का, दूध दोन लिटर कशाला. हे बहुतेक वेळा पैशाच्या भीतीतून येतं. आणि तिसरं बदलणं, म्हणजे मावशींना शिकवणं, डबे हलवणं, फोडणीत हात घालणं. तिसऱ्या प्रकाराला मात्र त्याच दिवशी थांबवायचं, कारण एकदा डबे हलले की ते त्यांचं झालं. तुमच्या वहीत हे तीन वेगळे करा. बायकांना वाटत असतं सगळं तिसरंच चाललंय, लिहिल्यावर दिसतं की निम्मं तर पहिलं आहे.

लोक तुम्हाला सांगतील, त्यांना घरकामात मदत करायला सांगा. माझं स्पष्ट मत आहे की "मदत" हा शब्दच काढून टाका. मदत म्हटलं की तुम्ही साहेब आणि ते शिपाई, लसूण सोलून द्या, पिशवी आणा, आणि जो माणूस काल शाखा चालवत होता तो शिपाई म्हणून दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी लसूण कसा सोलावा यावर भाषण. त्यांना द्यायचं असतं एक आख्खं खातं. आख्खं म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं, पैसे त्यांच्या हातात, त्या बाबतीत फोन आला तर त्यांनी घ्यायचा, चुकलं तर निस्तरायचं पण त्यांनीच. त्यातही असं खातं बघायचं की जे त्यांना घराबाहेर काढेल आणि ज्यात तुमचा जीव अडकलेला नाही. ही दुसरी अट बायका विसरतात. दळणाचं खातं दिलं आणि मग "अहो जाडसर आणलंत" असं म्हटलं, संपलं.

कळव्याचं एक जोडपं आठवतंय, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. दादा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझर, ५८ ला रिटायर. ताई एकट्याच आल्या, दादा म्हणाले मला काय झालंय. घरी त्यांनी शॉपफ्लोअर सुरू केला होता, सगळ्या डब्यांवर लेबलं, मसाले अ आ इ ई च्या क्रमाने, आणि सिलेंडर कधी लावला कधी संपला याची वही. ताई म्हणाल्या मॅडम मला माझ्याच घरात जिरं सापडत नाही. त्यांनी तीन दिवस नोंद केली तर चहा आधी दिवसाला दोनदा व्हायचा तो सहा वेळा होत होता, आणि गॅसपाशी आधी साधारण साडेतीन तास जायचे ते पावणेसहा झाले होते.

पहिल्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट बदलली. डबा. ताईंनी पूर्वीसारखं सकाळी सातला पोळी-भाजी केली आणि दादांचा तोच स्टीलचा डबा भरून डायनिंग टेबलवर ठेवला, एक वाजता उघडायचा, भात-आमटी गरम करून घ्यायची, डबा स्वतः विसळून ठेवायचा. दादा पहिल्या दिवशी म्हणाले ही काय थट्टा आहे. ताईंनी मी शिकवलं तेवढंच सांगितलं, "३५ वर्षं तुम्ही हाच डबा आवडीने खाल्लात, मला दुपारी दोन ते चार पाय लांब करायचेत." दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवण बाहेरून मागवलं. चौथ्या दिवशी डबा उघडला. रागाने का होईना पण उघडला, आणि पुढे त्यांना ते आवडायलाच लागलं म्हणे, एक वाजला की हात धुऊन हजर, कंपनीतल्या कॅन्टीनची वेळ होती ती, शरीराला माहीत होती.

इथे एक सांगते, तुमच्याकडे डबाच हवा असं नाही, पण दुपारचं जेवण सकाळच्याच स्वयंपाकात उरकायचं आणि वाढून द्यायचं नाही, हे करायलाच हवं. बाकी सगळं यावर उभं राहतं. मिस्टरांना डायबेटिस असेल, औषधं जेवणाच्या वेळेला बांधलेली असतील, तर वेळ ठरवताना ते बघा, आणि औषधाचा डबा त्यांनीच भरायचा.

दुसऱ्या आठवड्यात वेळेचं कुंपण. सकाळी सात ते दहा स्वयंपाकघर ताईंचं. दहानंतर दादांना तिथे काय हवं ते करू दे, चहा करू दे, लेबलं लावू दे. कुंपण वेळेचं घालायचं कारण वन बीएचकेत जागेचं घालताच येत नाही, कुठे जाणार माणूस, हॉल आणि बेडरूम. घोडबंदरच्या मोठ्या फ्लॅटमधल्या लोकांना मी वेगळं सांगते, तिथे एक खोली त्यांची करून टाकता येते. तुमच्याकडे घड्याळ हीच भिंत.

तिसऱ्या आठवड्यात खातं दिलं, भाजीचं. दादा खूश, पहाटेच जांभळी नाक्याला गेले आणि चार किलो टोमॅटो, तीन जुड्या मेथी, दोन किलो मटार घेऊन आले, कारण स्वस्त होतं. ताईंचा तोल गेला, दोन माणसांना चार किलो टोमॅटो! आणि दादांनी पिशवी जमिनीवर ठेवून सांगितलं, उद्यापासून तूच जा. तीन दिवस अबोला. ही माझी चूक होती, मी खातं द्यायला सांगितलं पण त्याची मर्यादा काय ते आधी ठरवून घ्यायला सांगितलं नाही. मग आम्ही मर्यादा अशी घातली की फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये मावेल तेवढीच भाजी, आणि आठवड्याला ठरलेले पैसे. काय आणायचं ते दादांनी ठरवायचं, त्याचं काय करायचं ते ताईंनी. सुपरवायझर माणसाला कपॅसिटी हा शब्द कळतो, ड्रॉवरची कपॅसिटी म्हटल्यावर त्यांनी मोजून बघितलं की साडेतीन-चार किलो बसते, आणि तो वाद कायमचा मिटला. त्या टोमॅटोंचं ताईंनी लोणचं घातलं, ते मलाही आणून दिलं होतं.

आणि ती सिलेंडरची वही. तीन-चार महिन्यांनी दादांनी स्वतःच हिशोब काढला, नोकरीत असताना १४.२ किलोचा सिलेंडर ४५ दिवस जायचा, रिटायर झाल्यावर पहिला ३३ दिवसांत संपला. त्यांनी ताईंना जाब विचारला, ताई काही बोलल्याच नाहीत, नुसतं त्यांच्या हातातल्या चहाच्या कपाकडे बघितलं. दादा हसले. ताई म्हणतात रिटायर झाल्यापासून ते पहिल्यांदा माझ्याबरोबर हसले. नंतर चहा चारवर आला आणि त्यातले दोन ते स्वतः करतात.

तुमच्या मिस्टरांना मी भाजीचं खातं देणार नाही. बँकेतले आहेत, त्यांना कागदाचं द्या. घरातली सगळी खाती, एफडी, विमा, दोघांच्या हेल्थ पॉलिसीच्या तारखा, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण आहे, वारसाचं काय, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, हे सगळं एका फाईलमध्ये आणायचं आणि मग शनिवारी अर्धा तास तुम्हाला शिकवायचं. तुमच्या वयाच्या किती बायका माझ्याकडे येतात ज्यांना नवऱ्याच्या खात्यात किती आहे ते तो गेल्यावर कळतं, आणि नॉमिनीत अजून सासूबाईंचं नाव असतं. तर हे काम खरं आहे, टाईमपास म्हणून दिलेलं नाही, आणि त्यांना ते बरोबर कळेल, खोटं काम दिलं की माणूस लगेच ओळखतो. शिकवताना आवाज चढला तर मात्र फाईल बंद, पुढच्या शनिवारी.

सोसायटीच्या कमिटीत लगेच घुसवू नका एवढं ऐका माझं. शेजारणी सांगतील, घ्या त्यांना कमिटीत, बिझी राहतील. राहतात हो, पण पार्किंगची भांडणं घरी येतात, आणि रिडेव्हलपमेंट चालू असेल तर बघायलाच नको, रात्री अकराला बेल वाजते. जायचंच असेल तर एखादं बांधीव काम घ्यायचं, पाण्याच्या टँकरचा हिशोब किंवा ऑडिटचे कागद, पद नको पहिल्या वर्षी.

पैशाकडे येते. कोथिंबीर कितीला, हे विचारणारा माणूस कंजूष असतो असं नाही. इतकी वर्षं दर महिन्याच्या शेवटी खात्यात पगार आलाय, आता एक तर पेन्शन, ती पगारापेक्षा बरीच कमी, आणि बाकीचं एफडी नाहीतर सिनियर सिटिझन स्कीमचं व्याज. त्या स्कीममध्ये कमाल ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार पडले, पण ते येतात तीन महिन्यांतून एकदाच, मधल्या दोन महिन्यांत खात्यातून फक्त जाताना दिसतात. पैसे कमी पडत नसतात, पण रोज पासबुक बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो कोथिंबिरीवर निघतो. यावर उपाय सोपा आहे, तुमच्या घरखर्चाचा आकडा दोघांनी एकदा बसून ठरवा, मागच्या सहा महिन्यांचा सरासरी काढून, आणि तेवढे पैसे दर १ तारखेला आपोआप तुमच्या खात्यात जातील असं त्यांनाच बँकेत लावायला सांगा. त्या रकमेच्या आत दूध दोन लिटर की तीन हे तुमचं. वर लागले तर तुम्ही सांगाल, उरले तर ते पण तुमचे. महिन्यातून एकदाच हिशोब, तोही २८ तारखेनंतर. बँकवाल्याला बजेट मंजूर केल्यावर मध्येच व्हाउचर मागता येत नाही हे कळतं, कळायला हवं निदान.

मावशींचं काही शिकवावं लागत नाही, एकच नियम, मावशींशी कामाचं फक्त तुम्ही बोलायचं. मिस्टरांना काही खटकलं तर तुम्हाला सांगायचं, मावशी गेल्यावर. मावशींनाही बाजूला घेऊन सांगून टाका की साहेब काही बोलले तर "ताईंना विचारते" एवढंच म्हणायचं. वर्तकनगरला नवीन बाई मिळायला काय दिव्य करावं लागतं ते त्यांना माहीत नाही, कारण आजवर ते तुम्ही केलंय. हवं तर शोधायचं काम त्यांना द्या, मावशी गेल्याच तर.

आता हे सगळं त्यांना सांगायचं कसं. स्वयंपाकघरात नाही, जेवताना नाही, मुलीला फोनवर घेऊन तर अजिबात नाही, त्यांना वाटेल दोघींनी मिळून मला घेरलं. उपवनला फिरायला न्या, सकाळी साडेसहा-सातला, आणि चालता चालता बोला. समोरासमोर बसलं की पुरुषांना मीटिंग वाटते आणि ते बचावाला उभे राहतात, शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही म्हणून ऐकून घेतात, हा माझा अनुभव, दरवेळी चालतो असं नाही. आणि एका फेरीत एकच विषय. असं काहीतरी: "अहो, तुम्ही घरी आहात ते मला बरं वाटतं. पण माझा दिवस पार मोडलाय, दुपारी मला आडवं व्हायला मिळत नाही. सोमवारपासून मी जेवण सकाळीच करून ठेवणार, एक वाजता तुम्ही तुमचं घ्याल का?" बस. हिंग नाही, मोहरी नाही, कोथिंबीर नाही, त्यांच्या आईंनी १९९२ मध्ये काय केलं तेही नाही. ते म्हणाले "म्हणजे मी आता जड झालो", तर त्यावर वाद घालू नका, "मी जेवणाचं बोलतेय" एवढंच. मग दोन दिवस फुगतील. फुगू द्या. या दोन दिवसांत बायका विरघळतात आणि गरम पोळी लाटतात, आणि पुढच्या वेळी तुमच्या बोलण्याला किंमत उरत नाही.

"माझ्याच घरात बोलायचं नाही का" याला उत्तर आहे. बोलायचं, पण काम चालू असताना नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी पाच मिनिटं त्यांच्या सूचनांची, आणि त्यातली एखादी चांगली असेल तर खरंच घ्या. माझे स्वतःचे मिस्टर रिटायर झाल्यावर मला म्हणाले तू धुतलेली भांडी खालच्या शेल्फवर ठेवतेस आणि रोज वीस वेळा वाकतेस, कंबर दुखते म्हणून मलाच ओरडतेस. मी तीन आठवडे ऐकलं नाही, केवळ ते म्हणाले म्हणून. नंतर गुपचूप वरच्या शेल्फवर हलवली. समुपदेशक असून.

अजून एक, आणि हे बऱ्याचजणींना पटत नाही. तीन-चार महिन्यांत चार दिवस एकट्या कुठेतरी जा, माहेरी, बहिणीकडे, मुलीकडे पुण्याला. तुम्हाला खोपटच्या स्टँडवरून एसटी आहे, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. फ्रिजमध्ये चार दिवसांचं करून ठेवू नका, यादी लिहून चिकटवू नका. कळव्याच्या ताई साताऱ्याला गेल्या तेव्हा पहिल्या दिवशी दादांचे नऊ फोन आले, चौथ्या दिवशी दोन. परत आल्या तर ओटा स्वच्छ, कुकरचा व्हॉल्व्ह मात्र उडालेला, त्याची किंमत दादांनी विचारायच्या आधीच सांगितली. त्यांना घर चालवताना काय काय डोक्यात ठेवावं लागतं ते सांगून कळलं नव्हतं, चार दिवसांत कळलं. त्यांचं गाडं रुळावर यायला एकूण सात महिने लागले, आणि पंखा-लाईटवरून दादा अजून बोलतात. लेबलं राहिली, क्रम ताईंचा.

तुम्हीही तुमचं तपासा एकदा, रागावू नका. ते चहा करायला गेले की तुम्ही मागे जाऊन "साखर एवढी नका घालू" म्हणता का? गॅस पुसला तर परत पुसता का? मग दोन इन्स्पेक्टर झाले घरात. वेळेचं कुंपण तुम्हालाही लागू आहे, दहानंतर त्यांचा चहा त्यांच्या पद्धतीने, ओट्यावर थेंब पडले तरी.

आता हे सगळं कधी लागू होत नाही ते सांगते. पुरुषांचं डिप्रेशन कित्येकदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं. पहाटे तीनला जाग येऊन झोप न लागणं, जेवणावरची वासना जाणं, पेपर न उघडणं, मित्राचा फोन न घेणं, "आता माझा काय उपयोग" हे पुन्हा पुन्हा म्हणणं, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर खातं-बितं देत बसू नका, आधी डॉक्टर. डॉक्टर मंडळी १५ प्रश्नांची एक छोटी हो-नाही चाचणी घेतात, पाच-सात मिनिटांचं काम असतं, ५ च्या वर गुण आले तर पुढे नीट तपासतात. थायरॉईड आणि बी-१२ पण बघून घेतात. जायला तयार नसतील तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः त्यांच्याबद्दल विचारायला फोन केलात तरी चालतो. मरण्याची भाषा आली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

वेगळी गोष्ट म्हणजे तोच प्रश्न तासाभरात चार वेळा, बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला साधा हिशोब न जमणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, किंवा आधी कधी नव्हता असा हट्टीपणा आणि आचरटपणा अचानक येणं. याला रिटायरमेंट म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि फोन कोणाचा होता हे विचारणं वेगळं, फोन काढून घेणं, मैत्रिणींकडे जायला बंदी करणं, पैसे अडवणं, हात उगारणं वेगळं. तुमच्या लिहिण्यात ते कुठे दिसलं नाही म्हणून मी एवढं हसत लिहिलं. असतं तर मी तुम्हाला डबा भरायला सांगितलाच नसता, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायला सांगितलं असतं.

तर वही आजपासून तीन दिवस, मग उपवनची फेरी, मग सोमवारपासून दुपारचं जेवण. बाकीच्याला पंधरा दिवस हात लावू नका, हिंगाला तर नाहीच. पंधरा दिवसांनी परत लिहा, मधे अबोला झाला असेल तर किती दिवस टिकला आणि आधी कोण बोललं तेही लिहा.